तिकीट, हॉटेल आणि माझं शुल्क वेगळं दाखवणारं बिल: आठ महिने वापरून आलेला अनुभव

मालवणात माझा सहली ठरवून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. मुंबई-ठाण्याकडचे गट कुडाळला उतरतात, इथे दोन-तीन दिवस राहतात आणि परत जातात. पूर्वी मी बिलावर एकच ओळ लिहायचो, 'मालवण सहल, २० माणसं', आणि खाली एकूण रक्कम. गेल्या नोव्हेंबरपासून मी तीन भागांचं बिल देतो. रेल्वेची तिकिटं, हॉटेल आणि माझं सेवाशुल्क, तिन्ही वेगवेगळं. आठ महिने झाले, पर्यटनाचा हंगाम संपला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एका सहलीचा हिशेब. ठाण्याचा निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचा गट, २० जण. जाण्या-येण्याची थर्ड एसीची तिकिटं ₹४२,४००. ती गावातल्या अधिकृत एजंटाकडून काढली आणि त्याची पावती धरून हा आकडा आहे. हॉटेलच्या १० खोल्या, दोन रात्री, खोलीला ₹२,५००, म्हणजे ₹५०,०००. त्यावर हॉटेलने स्वतःच्या बिलात ५ टक्के जीएसटी लावला (₹७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून हाच दर आहे), म्हणून ₹५२,५००. माझं शुल्क माणशी ₹४००, एकूण ₹८,०००, आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ₹१,४४०. सगळं मिळून ₹१,०४,३४०. मी कर लावला तो फक्त ₹८,००० वर. फिरण्यासाठीची गाडी गटाने स्वतः ठरवून पैसे थेट चालकाला दिले, त्यामुळे ती बिलात नाही.

जुन्या पद्धतीत हीच सहल पॅकेज म्हणून विकली असती, तर ₹१,०२,९०० च्या पूर्ण रकमेवर टूर ऑपरेटरचा ५ टक्के कर बसला असता, ₹५,१४५. बिल ₹१,०८,०४५ झालं असतं. हॉटेलने एकदा कर घेतला त्या रकमेवर, त्या करासकट, पुन्हा कर. या गटाला ₹३,७०५ चा फरक पडला.

आता खरी गोष्ट. तीन ओळी वेगळ्या लिहिल्या म्हणून काम होत नाही. जीएसटीच्या नियम ३३ मध्ये 'प्युअर एजंट' आहे. त्याचा अर्थ असा की मी ग्राहकाच्या वतीने, त्याने सांगितलं म्हणून, दुसऱ्याचे पैसे भरले आणि भरले तेवढेच परत घेतले. त्यासाठी गटाकडून आधी लेखी संमती लागते. मी एक पानाचं पत्र तयार केलं आहे, 'आमच्या वतीने हॉटेल व तिकिटांची रक्कम भरावी, प्रत्यक्ष खर्च आम्ही देऊ', त्यावर गटप्रमुखाची सही आगाऊ रक्कम घेण्याआधीच घेतो. सहल झाल्यावर घेतलेल्या सहीला माझे सीए विचारतही नाहीत.

दुसरी अडचण हॉटेलच्या बिलावरच्या नावाची. इथल्या हॉटेलवाल्यांना एजंटाच्या नावाने बिल फाडायची सवय आहे. फेब्रुवारीत एका सहलीत बिल माझ्या नावाने आलं. बिल माझ्या नावाने असलं की खोल्या मी घेतल्या आणि पुढे विकल्या असा अर्थ निघतो, आणि 'वतीने भरलं' हे म्हणणं टिकत नाही. त्या सहलीचं बिल मी निमूटपणे पॅकेज म्हणून केलं आणि फरकाचे पैसे माझ्या शुल्कातून गेले. तेव्हापासून बुकिंगच्या मेलमध्येच गटाचं नाव लिहितो आणि खोल्या सोडण्याच्या सकाळी, किल्ल्या परत देण्याआधी, बिल बघतो. तेव्हा दुरुस्ती पाच मिनिटांत होते. नंतर हॉटेलला क्रेडिट नोट काढून नवं बिल द्यावं लागतं, आणि ते कोणालाच नको असतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझी होती, आणि ती कमिशनची. डिसेंबरमध्ये ₹५०,००० खोलीभाड्याच्या हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलं, "तुझा कमिशन कापूनच पाठव रे, बिल मी पुरा देतंय." मी दहा टक्के कापून ₹४७,५०० पाठवले आणि गटाकडून बिलाप्रमाणे ₹५२,५०० घेतले. मार्चमध्ये सीएंनी बँकेचं स्टेटमेंट आणि बिलं शेजारी ठेवली आणि विचारलं, "दिलेले आणि घेतलेले आकडे वेगळे का?" खर्चापेक्षा जास्त घेतलं की प्युअर एजंट राहत नाही, मग पूर्ण हॉटेलच्या रकमेवर प्रश्न उभा राहतो. आता मी हॉटेलचं बिल पूर्ण भरतो. कमिशन घ्यायचंच तर हॉटेलच्या नावाने वेगळं बिल करतो, त्यावर १८ टक्के लावतो, आणि गटाला ते आधीच सांगतो. न सांगता घेतलेलं कमिशन मला तरी पटत नाही. त्यांनी विश्वासाने पैसे दिलेले असतात.

तिकीट रद्द झालं की हाच नियम. ठाण्याच्या गटातून दोघं येऊ शकले नाहीत. त्यांच्या परतीच्या तिकिटांचे रेल्वेने रद्द शुल्क कापून ₹१,७४२ परत केले, तेवढेच मी त्यांना दिले. त्यातून स्वतःसाठी काही कापायचं असेल, तर ते माझं शुल्क ठरतं आणि त्यावर कर लागतो.

हे बिल सगळीकडे चालत नाही. 'माणशी ₹५,५०० मध्ये मालवण' अशी ठरावीक किमतीची जाहिरात केली, तर खोलीचा भाव वर-खाली झाल्याचा नफा-तोटा माझा असतो. तिथे मी टूर ऑपरेटरच आहे, पूर्ण रकमेवर ५ टक्के, आणि त्या दरावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट, साधारणपणे मिळत नाही. सहलीची आखणी सगळी मीच केली, तर वेगळं बिल दाखवूनही खात्याचा अधिकारी मला टूर ऑपरेटर म्हणू शकतो, हे सीएंनी स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून गटाने स्वतः हॉटेल निवडलं, तारखा ठरवल्या आणि मी फक्त बुकिंग केलं, अशाच कामांना तीन भागांचं बिल लावतो. बिलावरचा सेवा संकेतांकही त्याप्रमाणे वेगळा: पॅकेजला ९९८५५५, नुसत्या बुकिंगला ९९८५५२. स्वतःची गाडी दिली तर तिचं भाडंही 'वतीने भरलं' होऊ शकत नाही, ती माझीच सेवा.

ग्राहकांचं म्हणाल, तर ठाण्याच्या गटप्रमुख काकांनी रेल्वेची पावती आणि हॉटेलच्या बिलाची प्रत मागितली, चष्मा लावून आकडे जुळवले आणि बाकी रक्कम त्याच संध्याकाळी पाठवली. पूर्वी बाकी वसूल करायला पंधरा दिवस फोन करावे लागत. पण उलटही होतं. शुल्काचा आकडा डोळ्यांसमोर आला की घासाघीस त्याच्यावरच होते. "चारशे कशाला, तीनशे करा," असं निम्म्या गटांनी म्हटलं. मी चारशेवर ठाम राहतो, कारण बिलामागे आता कागद गोळा करायला मला तासभर जास्त लागतो: संमतीपत्र, तिकिटाची पावती, हॉटेलचं बिल, बँकेतून गेलेल्या रकमेचा पुरावा. हे चारही एका फाइलमध्ये आल्याशिवाय बिलावर नंबर टाकत नाही. पुढच्या ऑक्टोबरसाठी दोन गटांची संमतीपत्रं आताच सही होऊन आली आहेत, त्यातलं एक याच काकांचं.