दोन ऑफर लेटर, दोन बदलीचे क्लॉज: मी कुठलं घेतलं आणि का

हातात दोन ऑफर आहेत, पगारात फार फरक नाही आणि आता बदलीच्या क्लॉजवर अडलंय, अशांसाठी लिहितोय. पहिल्या लेटरमध्ये सरळ लिहिलेलं की कंपनी तुम्हाला कुठल्याही शहरात पाठवू शकते, पण खालीच होतं की किमान ४५ दिवस आधी लेखी कळवू आणि सामान हलवायचा खर्च देऊ. दुसऱ्यात कामाचं शहर नाव घेऊन दिलेलं आणि पुढे फक्त एवढंच, की कामाच्या गरजेनुसार ते बदलू शकतं. वाचताना दुसरं सौम्य वाटतं, घरच्यांनाही तेच आवडलं होतं.

मला खटकलं ते नोटिशीचं. दुसऱ्या कंपनीत मी सोडायचं म्हटलं तर ९० दिवस आधी सांगायचं, पण त्यांनी मला हलवायचं तर किती दिवस आधी, यावर एक अक्षर नाही. एचआरला विचारलं तर म्हणे सहसा पुरेसा वेळ देतो. आता भाड्याच्या घराला महिनाभर आधी सांगावं लागतं, लॉक-इन असेल तर पैसे जातात, मुलांचं शाळेचं वर्ष मधेच तोडता येत नाही, बायकोची नोकरी वेगळीच, आणि आठवड्यात हजर व्हा म्हटलं की यातलं काहीच बसत नाही, नकार देऊन राजीनामा दिला तरी ते ९० दिवस आपल्याच गळ्यात.

बदल्या किती होतात हे मात्र क्लॉजवरून कळत नाही, कारण कुठेही पाठवू हे वाक्य बऱ्याच कंपन्या ठोकळ्यासारखं टाकतात. मी लिंक्डइनवर आपल्याच हुद्द्याची, तिथे तीनेक वर्षं काढलेली माणसं बघितली. समजा २० जणांत ७ जणांचं शहर त्याच कंपनीत असताना बदललंय तर ते नेहमीचंच समजा. त्यातही प्रमोशनबरोबर हललेत की त्याच पदावर, ते बघा, त्याच पदावर असेल तर बहुतेक रिकामी जागा भरायला पाठवलेत. पण बरेच जण लोकेशन अपडेट करत नाहीत, आणि बदली नाकारून सोडून गेलेले या यादीत दिसतच नाहीत. म्हणून सोडून गेलेलेही बघा, वर्ष-दीड वर्षात बाहेर पडून बरेच जण त्याच शहरात दुसरीकडे लागलेले दिसले तर त्यातल्या एक-दोघांना मेसेज करून कारण विचारा. दुसऱ्या कंपनीत मला हेच दिसलं, अर्थात कारणं वेगळीही असू शकतात.

मी पहिलं घेतलं. तिथेही एक अट नीट वाचा, वर्षाच्या आत सोडलं तर शिफ्टिंगचा खर्च परत मागतात, तो पूर्ण की उरलेल्या महिन्यांपुरता हे विचारून घ्या. दुसरंच हवं असेल तर नोटिशीचे दिवस लेटरमध्येच लिहून मागा, ईमेलवरचं चालेल म्हणाले तर मी तरी थांबेन.