चौरस काप की अर्धवर्तुळाकार? एकाच पायावर उभ्या चार घनाकृती

अमेरिकेतल्या एपी कॅल्क्युलसच्या अभ्यासक्रमात हा भाग हमखास असतो. सपाट पायावर एकाला एक लागून काप उभे करायचे, प्रत्येक कापाचा आकार ठरलेला, आणि सगळे मिळून होणाऱ्या घनाकृतीचं घनफळ काढायचं. परीक्षेत आकार आणि दिशा प्रश्नातच दिलेली असते. पण प्रकल्पासाठी प्रतिकृती करायची असेल तर दोन्ही आपल्यालाच ठरवावं लागतं. म्हणून एकच पाया घेऊन चारही पर्याय शेजारी शेजारी मांडू.

पाया असा: वर y = √x हा वक्र, खाली x-अक्ष, उजवीकडे x = 4 ही रेषा. कागदावर हा तुकडा 4 एकक लांब आणि उजव्या कडेला 2 एकक रुंद दिसतो. डावीकडे तो मूळबिंदूपाशी मिटतो.

| कापाची दिशा | चौरस | अर्धवर्तुळ |
|---|---|---|
| x-अक्षाला लंब | 8 | π ≈ 3.14 |
| y-अक्षाला लंब | 256/15 ≈ 17.07 | 32π/15 ≈ 6.70 |

आधी दिशेचं बघू, कारण जास्त फरक तिथेच पडतो आणि नेमकं तिकडेच कमी लक्ष जातं. x-अक्षाला लंब कापलं तर x या ठिकाणी काप पायावर y = 0 पासून y = √x पर्यंत टेकतो. त्याची बाजू s = √x, चौरसाचं क्षेत्रफळ x, आणि

V = ∫₀⁴ x dx = 8

y-अक्षाला लंब कापलं तर तोच पाया आडवा मोजावा लागतो. प्रत्येक y ला काप x = y² पासून x = 4 पर्यंत जातो, म्हणून s = 4 − y². मर्यादा आता 0 ते 4 नाहीत, 0 ते 2 आहेत.

V = ∫₀² (4 − y²)² dy = 32 − 64/3 + 32/5 = 256/15

पाया तोच, आकारही चौरसच, तरी घनफळ दुपटीहून जास्त. यात चूक काही नाही, घनाकृतीच वेगळी आहे. पहिलीत सर्वात मोठा चौरस 2 × 2 चा, दुसरीत 4 × 4 चा. परिभ्रमणाने होणाऱ्या घनाकृतीची सवय असलेल्यांची इथे फसगत होते. तिथे चकत्या पाडा किंवा नळकांडी, घनाकृती एकच असल्यामुळे उत्तर एकच येतं. इथे दिशा बदलली की वस्तूच बदलते, त्यामुळे एका दिशेचं संकलन किचकट झालं म्हणून दुसरी दिशा घेण्याची मुभा नाही.

आकाराची तुलना त्यामानाने सोपी. पायावर टेकलेली लांबी s असेल तर चौरसाचं क्षेत्रफळ s². अर्धवर्तुळाचा मात्र s हा व्यास असतो, म्हणून त्रिज्या s/2 आणि क्षेत्रफळ ½·π·(s/2)² = πs²/8. दिशा कुठलीही असो, अर्धवर्तुळांचं घनफळ चौरसांच्या घनफळाच्या π/8 पट, म्हणजे साधारण 0.39 पट. चौरसाचं संकलन झालं की अर्धवर्तुळाचं वेगळं करायची गरजच नाही.

s ला चुकून त्रिज्या धरणं ही इथली नेहमीची चूक. मग उत्तर चौपट होतं. वरच्या पहिल्या उदाहरणात π ऐवजी 4π ≈ 12.57 येतं, म्हणजे चौरसांच्या 8 पेक्षाही जास्त. ते शक्यच नाही, कारण s व्यासाचं अर्धवर्तुळ s बाजूच्या चौरसाच्या खालच्या अर्ध्या भागातच मावतं. तेव्हा अर्धवर्तुळांचं उत्तर चौरसांच्या उत्तराच्या निम्म्याहून जास्त आलं, की आधी त्रिज्या तपासा.

पाया दोन वक्रांच्या मधला असेल तर आणखी एक खड्डा असतो. खालची सीमा x-अक्षाऐवजी y = x/2 घ्या. दोन्ही रेषा (0, 0) आणि (4, 2) इथे भेटतात. x-अक्षाला लंब चौरस घेतले तर s = √x − x/2, आणि वर्ग या संपूर्ण फरकाचा करायचा:

∫₀⁴ (√x − x/2)² dx = 8 − 64/5 + 16/3 = 8/15

वॉशर पद्धतीच्या सवयीने दोघांचे वर्ग वेगवेगळे करून वजाबाकी केली तर 8/3 येतं, खऱ्या उत्तराच्या पाचपट. ही चूक आकडेमोड न उलगडता पकडता येते. पायाची रुंदी x = 1 ला सर्वात जास्त असते आणि तीही फक्त ½. म्हणजे सर्वात मोठा चौरस ¼ क्षेत्रफळाचा आणि लांबी 4, तेव्हा घनफळ 1 च्या आतच हवं. 8/3 तिथेच बाद होतं.

आता प्रतिकृती. पहिल्या पायासाठी 1 एकक = 5 सेमी घ्या आणि 5 मिमी जाडीचा फोमबोर्ड वापरा. x-अक्षाला लंब चौरस निवडले तर 20 सेमी लांबीत 40 काप बसतात. प्रत्येक कापाची बाजू त्याच्या जाडीच्या मध्यावर मोजायची, म्हणजे x = 0.05, 0.15, … 3.95 या ठिकाणी. पहिली बाजू 5√0.05 ≈ 1.12 सेमी, शेवटची 5√3.95 ≈ 9.94 सेमी. खरं घनफळ 8 × 125 = 1000 घन सेमी, म्हणजे बरोबर एक लिटर. आणि चाळीस कापांची बेरीजही नेमकी तेवढीच भरते, कारण चौरसाचं क्षेत्रफळ x च्या सरळ प्रमाणात वाढतं आणि अशा वेळी मध्यबिंदूची बेरीज अचूक असते. बाजू प्रत्येक कापाच्या उजव्या कडेला मोजली तर 1025 घन सेमी होतात, डाव्या कडेला मोजली तर 975.

y-अक्षाला लंब चौरसांना काप निम्मेच, 20, लागतात. पण सर्वात मोठा जवळजवळ 20 सेमी बाजूचा, आणि बोर्ड 2000 ऐवजी सुमारे 4270 चौ. सेमी. दिसायला ती प्रतिकृती भारदस्त, पण एका टोकाला उंच भिंत आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम 1 सेमीचा तुकडा असं तिचं रूप होतं. एकच करायची असेल तर आम्ही पहिलीच सुचवू.

अर्धवर्तुळांना x-अक्षाला लंब दिशेने निव्वळ बोर्ड 785 चौ. सेमी पुरतो, तरी मेहनत त्यांनाच जास्त. चौरस पट्टी आणि कटरने होतात. अर्धवर्तुळ कंपासने आखून वळणावर कापावं लागतं, आणि लहान कापांची कड फाटते. चिकटवतानाही फरक जाणवतो. या पायात चौरसांची एक बाजू y = 0 वर येते, म्हणून सगळे काप पट्टीला टेकवून रचले की मागे सपाट भिंत आपोआप तयार होते. अर्धवर्तुळाचं फक्त एक टोक y = 0 ला टेकतं, त्याचा मध्य y = √x/2 या वक्रावर सरकत जातो. पट्टीला टेकवून टोक जुळतं, पण काप तिरका झाला तर कळत नाही. म्हणून पायाच्या कागदावर दर 5 मिमीवर रेघा आखून प्रत्येक कापाची दोन्ही टोकं आधीच खुणा करून ठेवा.