म्हातारा घोडा आणि मधला आकडा: पुन्हा साधी एसीटीएच की टीआरएच चाचणी?

आमचा बादल २२ वर्षांचा, वजन ४८० किलो, मुक्काम वेल्समध्ये. एप्रिल संपत आला तरी त्याच्या हनुवटीखालचे आणि पोटाचे लांब केस झडले नव्हते. पाठीचं मांसही उतरलं होतं. पीपीआयडी या आजाराची शंका आली. ट्रेलरमधून उतरवल्या उतरवल्या त्याचं रक्त घेतलं आणि एसीटीएच या संप्रेरकाचा आकडा मिलिलिटरमागे ६१ पिकोग्रॅम आला. आठवड्याने तबेल्यातच शांतपणे घेतलं तर ३४. प्रवास, वेदना, धावपळ यांनी हा आकडा फुगतो, म्हणून प्रवासानंतर किमान अर्धा तास तरी थांबायला हवं होतं.

पिट्यूटरी ग्रंथीच्या मधल्या भागाला डोपामिनचा लगाम असतो. वयानुसार डोपामिन पुरवणाऱ्या चेतापेशी झिजतात, लगाम सुटतो आणि तो भाग वाढून एसीटीएच जास्त सोडू लागतो. हाच पीपीआयडी. जानेवारी ते जूनमध्ये आकडा १५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर आजार बहुधा नाही, ४० च्या वर असेल तर बहुधा आहे. आमचा ३४ अधांतरी होता, आणि पुढे दोन वाटा होत्या.

एक म्हणजे सप्टेंबरपर्यंत थांबून साधी एसीटीएच पुन्हा करायची. शरद ऋतूत निरोगी घोड्याचाही आकडा वाढतो, पण आजारी घोड्याचा त्याहून खूप जास्त वाढतो, त्यामुळे फरक उठून दिसतो. एकदाच रक्त काढायचं, खर्चही कमी. मात्र नमुना नाजूक असतो. ईडीटीएच्या प्लास्टिक नळीत घेऊन लगेच थंड करायचा आणि प्लाझ्मा त्याच दिवशी वेगळा करायचा. उन्हात गाडीत राहिला तर आकडा खोटाच कमी दिसतो. या वाटेचा खरा तोटा पाच महिन्यांचा आहे. तेवढ्यात लॅमिनायटिसने, म्हणजे खुरांच्या आतल्या दाहाने, खूर धरले तर थांबणं फार महागात पडतं.

दुसरी वाट टीआरएच चाचणीची. टीआरएच हे ग्रंथीला एसीटीएच सोडायला लावणारं संप्रेरक. आधी एक नमुना घेतात, मग शिरेतून १ मिलिग्रॅम टीआरएच देतात आणि बरोबर १० मिनिटांनी दुसरा नमुना घेतात. 'बरोबर' हा शब्द इथे मोलाचा आहे, कारण एसीटीएच झपाट्याने चढतं आणि उतरतं. आमच्या व्हेटने घड्याळ हातातच धरलं होतं. इंजेक्शननंतर बादल जांभया देऊ लागला, वरचा ओठ वळवला, दोनदा खोकला. काही मिनिटांत सगळं थांबलं. दुसऱ्या नमुन्यात एसीटीएच १०० च्या खाली आलं तर आजार बहुधा नाही, २०० च्या वर आलं तर बहुधा आहे. त्याचं २४० आलं. ही चाचणी जूनअखेरपर्यंतच उरकावी. पुढच्या महिन्यांत निरोगी घोडेही 'आजारी' ठरू शकतात.

माझ्या मते, वसंतात सौम्य लक्षणं आणि मधला आकडा असेल तर टीआरएचच करावी. ऑगस्ट उजाडला असेल तर साधी एसीटीएच पुरते. आणि जूनमध्येही घोडा अस्वलासारखा केसाळ असेल तर दोन्हींवर पैसे घालवण्यापेक्षा व्हेटशी थेट उपचाराचं बोलावं. मात्र कोणतीही वाट धरली तरी इन्सुलिन तपासून घ्याच. लॅमिनायटिसचा धोका मुख्यतः तिथून येतो. हे आकडे समशीतोष्ण भागातले आहेत. विषुववृत्ताकडे शरदातली वाढ कमी होत जाते, म्हणून महाराष्ट्रातल्या घोड्याला ते जसेच्या तसे लावू नयेत.

आता पर्गोलाइड, म्हणजे डोपामिनसारखं काम करणारं औषध. सुरुवात किलोमागे सुमारे २ मायक्रोग्रॅमने, म्हणजे बादलला दिवसातून एकदा १ मिलिग्रॅमची एक गोळी. तिसऱ्या दिवशी त्याने चारा सोडला. अशा वेळी औषध कायमचं बंद करायची घाई नको. आम्ही व्हेटला विचारून अर्धी गोळी केली, भूक परतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पूर्ण गोळी सुरू केली. गोळी कुस्करायची नाही, तिची पूड माणसांना बाधू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तिला हातही लावू नये.

पूर्ण गोळीच्या सहा आठवड्यांनंतर, जूनअखेर, एसीटीएच २२ होतं. केस झडले, बादल ताजातवाना दिसू लागला. पण सप्टेंबरात तेच ७८ झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. सप्टेंबर-ऑक्टोबरात संशयाची वरची रेघच ९० च्या आसपास असते, त्यामुळे औषध निकामी झालं असं यावरून म्हणता येत नाही. इथे पुन्हा दोन मतं आहेत: अर्धी गोळी वाढवावी की थांबावं? इन्सुलिन चढलेलं असतं, किंवा खूर दुखून तो आखडत चालला असता, तर मी वाढवायला लगेच हो म्हटलं असतं. बादलचं इन्सुलिन ठीक होतं, चाल मोकळी होती. आम्ही मात्रा तीच ठेवली. पुढचं रक्त जानेवारीत, तबेल्यातच, ट्रेलरच्या आसपासही न नेता.