श्वास घेतला की छातीत चमक: उसण आहे, फुप्फुसाचं आवरण की हार्ट?

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाने घर शिफ्ट केलं, फ्रिज स्वतः उचलला, आणि दुसऱ्या दिवशीपासून उजव्या बरगडीत चमक. खोल श्वास घेतला की कळ, शिंकलं की जीव जायचा. मावशीने जाहीर केलं की उसण भरलीय, बाम चोळला, शेकलं, झालं. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी मलापण उसणच वाटली.

उसणीत, म्हणजे स्नायू ताणलेला असेल किंवा बरगडी जिथे मधल्या हाडाला जुळते तिथला कूर्चा सुजलेला असेल तर, माणूस एका बोटाने जागा दाखवतो. तिथे दाबलं की "हां हां, तिथंच" म्हणतो, आणि श्वासाइतकंच हात वर करताना, कुशीवर वळताना, अंथरुणातून उठतानाही दुखतं. ताप नाही, धाप नाही. असं असेल तर आठ-दहा दिवस घरी बघायला हरकत नाही, रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं बस.

भावाला मी दाबून बघितलं तर काहीच नाही! हात फिरवला, कंबर वळवली, नाही दुखलं. फक्त श्वास आणि खोकला. इथे माझी ट्यूब पेटली. फुप्फुसाला स्वतःला दुखण्याच्या नसा नसतात, दुखतं ते बाहेरचं आवरण, जे बरगड्यांना आतून चिकटून असतं, ते सुजलं की श्वासागणिक दोन पापुद्रे एकमेकांवर घासतात म्हणून सुरी खुपसल्यासारखं होतं आणि माणूस नकळत अर्धाच श्वास घेतो. (कधी खालच्या बाजूला सूज असेल तर दुखतं चक्क खांद्यात, लोक खांद्याला मालिश करत बसतात.)

पण भाऊ डॉक्टरकडे जाईना, कारण पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणं कमी झालं. सगळे खूश. आणि इथेच फसायला होतं, कारण दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी भरलं की घासणं थांबतं, दुखणं कमी होतं आणि धाप मात्र वाढते! त्याला दुसऱ्या मजल्यावर जाताना मध्येच थांबावं लागायला लागलं, संध्याकाळी बारीक ताप, तेव्हा ओढून नेला. एक्स-रेमध्ये उजवी बाजू खालून पांढरी, छातीत पाणी. तपासणीत टीबी निघाला, सहा महिन्यांचं औषध सुरू झालं. म्हणजे दुखणं उतरलं एवढं बघू नका, जिना चढताना काय होतं तेपण बघा. ताप, खोकला, धाप यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर आणि एक्स-रे.

याच गटातले दोन प्रकार मात्र उद्यावर ढकलायचे नाहीत. एक, फुप्फुसात रक्ताची गुठळी: ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास झालाय, एकच पोटरी सुजलीय आणि अचानक धाप लागून दुखतंय. यात एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तो बघून निवांत होऊ नका. दुसरा, फुप्फुसाला भोक पडून बाहेर हवा भरणं, बऱ्याचदा उंच सडपातळ तरुण पोरांना होतं, सिगरेट असेल तर जास्तच, एका क्षणात कळ आणि धाप.

आता हार्ट. श्वासाने वाढतंय म्हणजे हार्ट नाही असं सरसकट म्हणतात ते अर्धंच खरं. हृदयाभोवती पण आवरण असतं, व्हायरल ताप येऊन गेल्यावर ते सुजू शकतं, तेव्हा खोल श्वासाने दुखतंच, फरक असा की उताणं झोपलं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. असे पेशंट उशी पोटाशी धरून वाकून बसलेले असतात. हेपण घरी बघत बसायचं दुखणं नाही, त्याच दिवशी ईसीजी.

हार्ट अटॅकमध्ये सहसा श्वासाने फरक पडत नाही. बोटाने जागा दाखवता येत नाही, माणूस अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो, दाबल्यासारखं, आवळल्यासारखं म्हणतो, घाम, मळमळ, हात किंवा जबड्याकडे कळ. पण डायबेटिसवाल्यांना आणि बायकांना हे इतकं पुस्तकातल्यासारखं होत नाही, आणि काही अटॅकवाल्यांना दाबल्यावरही दुखतं. म्हणून चाळिशी ओलांडलेली, बीपी-शुगर असलेली व्यक्ती घामाघूम असेल तर बोटाची टेस्ट करत बसू नका, १०८ लावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी काही तासांनी रक्ताची टेस्ट परत करतात, तेव्हा "नॉर्मल आहे ना, मग जातो" म्हणून उठून यायचं नाही.

भाऊ आता ठणठणीत आहे. मावशी अजूनही सगळ्यांना सांगते, फ्रिज उचलला म्हणून झालं.