जीआय पाइपचा जोड: ग्राइंडर, ॲसिड की तसाच जाळायचा?

चोपड्याकडे एका केळीवाल्या नानांना गोठ्याचं शेड करायचं होतं. 8 खांब, दोन इंची मिडियम जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, खाली साध्या लोखंडाची प्लेट, वर आडवा पाइप. म्हणजे वेल्डिंगचे जोड 16. मला म्हणाले, "भाऊ, जस्त काढत बसलास तर दोन दिवस जातील. तसंच मार ना." त्यांना जे उत्तर दिलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं.

तसंच का मारायचं नाही, ते आधी. जस्त 420 अंशांना वितळतं आणि 907 अंशांना त्याची वाफ होते. लोखंड वितळायला साधारण 1500 अंश लागतात. त्यामुळे लोखंड पाणी व्हायच्या आतच जस्त उडून जातं. हवेत त्याचं ऑक्साइड होतं, तोच तो पांढरा धूर आणि हेल्मेटवर बसणारा कापसासारखा भुगा. तो छातीत गेला की लगेच काही वाटत नाही. चार ते दहा तासांनी, बहुधा रात्री, तोंडाला धातूची चव येते, तहान लागते, हुडहुडी भरून ताप चढतो. मला पहिल्यांदा झालं तेव्हा घरच्यांनी मलेरिया समजून रक्त तपासायला पाठवलं होतं. मे महिन्यात आपल्याकडे याला ऊन लागलं म्हणूनही सोडून देतात. साधारण एक-दोन दिवसांत उतरतो, पण डॉक्टरला वेल्डिंगचं सांगायचंच. धाप लागत असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. दूध किंवा गूळ खाऊन जस्त बाहेर पडत नाही. दुधाचा मान राखून सांगतो.

किती जस्त असतं? 50 मायक्रॉनचा थर धरा. दोन इंची पाइपाच्या टोकाला 4 सेंटिमीटर पट्टा घेतला तर बाहेरच्या अंगाला सुमारे पावणेतीन ग्रॅम आणि आतल्या अंगाला सव्वादोन-अडीच ग्रॅम. आतलं कुणी मोजत नाही, पण जवळजवळ अर्धं जस्त तिथेच आहे. झिंक ऑक्साइडच्या धुराची कामाच्या ठिकाणची मर्यादा 5 मिलिग्रॅम प्रति घनमीटर मानतात. 5 बाय 5 मीटरची, 3 मीटर उंच पत्र्याची खोली असेल तर अर्धा ग्रॅमही धूर तिची हवा त्या मर्यादेपुढे नेतो.

आता तीन रस्ते.

गॅसच्या टॉर्चने जाळणं सगळ्यात जलद, आणि मी ते सरळ बाद करतो. धूर टळत नाही, उलट तोच धूर वेल्डिंगआधी एकदम ओढून घेता. करंट वाढवून, रॉड पुढे-मागे हलवत जस्त पुढे जाळत नेणं हाही तोच प्रकार; वर जोडात बुडबुडे राहून भोकं पडतात.

ग्राइंडर हा रोजचा रस्ता. 60 किंवा 80 नंबरची फ्लॅप डिस्क लावा, जाड दगडी चाक नको. साडेतीन मिलिमीटरच्या भिंतीत खड्डे पडतात. कडेपासून किमान अडीच सेंटिमीटर, मी 4 काढतो. कुठे थांबायचं ते ठिणगी सांगते: जस्तावर ठिणगी जवळजवळ उडत नाही, लोखंड लागलं की लांब नारिंगी झोत सुटतो. मात्र घासलेली धूळही जस्ताचीच, मास्क तेव्हाही हवा. दुसरी मर्यादा अशी की बाहेरचं दोन मिनिटांत होतं, आतलं राहतं. आत अर्धगोल कानस चालते, घाम काढते. डाय ग्राइंडरला छोटा पॉइंट लावलात तर सोपं.

ॲसिड आत-बाहेर दोन्ही एकदम करतं, हा त्याचा खरा फायदा. दुकानात मिळणारं हायड्रोक्लोरिक, एक भाग ॲसिड आणि दोन-तीन भाग पाणी. पाण्यात ॲसिड ओतायचं, उलटं नाही. प्लास्टिकच्या बादलीत टोक 4 सेंटिमीटर बुडवायचं. फसफस जोरात सुरू होते आणि जस्त संपलं की मंदावते, तीच खूण. ती फसफस हायड्रोजनची असते, म्हणून हे काम उघड्यावर आणि बिडी-ग्राइंडरपासून लांब. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून भरपूर पाण्याने धुवायचं आणि वाळवायचं. इथे घाई केली तर पाइपात झिंक क्लोराइड राहतं, आणि त्याचा धूर नुसत्या जस्तापेक्षाही छातीला वाईट. उरलेलं ॲसिड केळीच्या बागेत ओतायचं नाही, हे नानांना दोनदा सांगावं लागलं.

मग निवड कशी? दोन-चार जोड असतील तर ग्राइंडर आणि कानस. वीस-पंचवीस सुटी टोकं असतील, जागा उघडी असेल आणि धुवायला बोअरचं पाणी असेल तर ॲसिड फायद्याचं. उभ्या ढाच्यावर दुरुस्ती असेल तर ॲसिडचा विचारही नको.

नानांकडे मी मिश्रण केलं. 8 खांबांची दोन्ही टोकं आदल्या संध्याकाळी ॲसिडमध्ये, आणि आडव्या पाइपावर जिथे खांब टेकणार तिथे फक्त बाहेरून फ्लॅप डिस्क. शंका आली तिथे मोरचुदाच्या पाण्याचा बोळा फिरवला. बोर्डोसाठी मोरचूद त्यांच्या घरात होताच. लोखंड उघडं असेल तर तांब्याचा लालसर थर घट्ट बसतो, जस्त शिल्लक असेल तर काळं, पुसून जाणारं येतं. तपासून झालं की तो डाग घासून काढायचा. वेल्डमध्ये तांबं गेलं तर तडे जाऊ शकतात.

आधी खालच्या प्लेटा जोडल्या, वरची तोंडं उघडी ठेवून, म्हणजे आत उरलेला धूर आणि वाफ चिमणीसारखी वर निघून जाते. वरचा जोड करण्याआधी खांबाला 6 मिलिमीटरचं भोक पाडलं. दोन्हीकडून बंद पाइपवर आर्क मारायचा नाही, आतली हवा तापून वितळलेलं लोखंड तोंडावर उडवते.

हवेबद्दल बहुतेक जण पंखा पाठीमागे लावतात, आणि तिथेच चुकतं. पाठीवरून आलेला वारा अंगासमोर भोवरा करतो आणि धूर नाकाशी घुटमळतो. पंखा बाजूला हवा, धूर आडवा वाहून जाईल असा. स्टिक वेल्डिंगला एवढा वारा चालतो; मिगला नाही, गॅसचं कवच उडतं. खोलीत काम असेल तर नुसता पंखा धूर फिरवत ठेवतो, तिथे आर्कपासून वीतभर अंतरावर तोंड असलेली ओढणारी नळी लागते आणि तिचं दुसरं टोक बाहेर. या सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे डोकं धुराच्या खांबातून बाजूला ठेवणं.

मास्क एन95 किंवा फिल्टरचा अर्धा मास्क, हेल्मेटच्या आत. रुमाल, गमछा, सर्जिकल मास्क यांतून हा धूर सहज जातो. दाढीवर मास्क बसत नाही, आणि भुसावळसारख्या 45 अंशांच्या दुपारी घामाने सरकतो. म्हणून आम्ही सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबलो. दोन सकाळी लागल्या, म्हणजे नानांचा अंदाज तसा बरोबरच होता.

शेवटी स्लॅग झाडून, तारेच्या ब्रशने घासून, उघड्या पट्ट्यावर जस्तयुक्त कोल्ड गॅल्व्हनायझिंगचे दोन हात. चंदेरी ॲल्युमिनियम रंग दिसायला तसाच असतो, पण लोखंडाआधी स्वतः गंजून त्याला वाचवण्याचं काम तो करत नाही, आणि गोठ्यात मुताच्या ओलीत खालचा जोड आधी सडतो. भोकाला रबरी बूच बसवलं, नाहीतर पावसाळ्यात खांबात पाणी साठतं.