फ्रेंच सर्वनामांचा क्रम: सात महिन्यांच्या वापरानंतर

लियोंला राहायला येऊन सात महिने झाले. क्रियापदाआधी दोन सर्वनामं आली की कुठलं पुढे, याचा तक्ता वर्गात मिळाला होता. पहिल्या रांगेत म, त, स, नू, वू. दुसरीत ल, ला, ले. तिसरीत लुई, म्हणजे त्याला किंवा तिला, आणि लर, म्हणजे त्यांना. तक्ता अगदी बरोबर आहे. पण बोलताना तो डोळ्यांसमोर आणायला वेळच मिळत नाही.

माझी चूक नेहमी एकाच जागी व्हायची. शेजारच्या काकूंनी विचारलं, इमारतीची किल्ली रखवालदार बाईंना दिलीस का? मला म्हणायचं होतं, उद्या देते. तोंडातून आलं, ‘ज लुई ला दॉन दमाँ’. काकूंना कळलं, पण त्यांनी लगेच स्वतः म्हणून दाखवलं: ‘ज ला लुई दॉन’. आधी किल्ली, मग बाई.

घरी बसून विचार केला तेव्हा कारण सापडलं. मराठीत आपण ‘मी तिला ती देते’ म्हणतो, म्हणजे ज्याला द्यायचं तो आधी आणि वस्तू नंतर. ‘ती मला ती देते’ हे फ्रेंचमध्ये ‘एल म ला दॉन’ होतं, तिथेही ‘मला’ आधी, म्हणून ते कधीच चुकलं नाही. मला, तुला, आम्हाला, तुम्हाला असेल तर मराठीचा क्रम चालतो. त्याला, तिला किंवा त्यांना आलं की उलटतो आणि वस्तू पुढे जाते. तेव्हापासून मी अख्खा तक्ता घोकत नाही. ‘ल लुई, ला लुई, ले लुई, ल लर, ला लर, ले लर’ एवढेच सहा जोड रोज ट्राममध्ये पुटपुटते. महिन्याभरात जीभ वळली.

आज्ञा देताना मात्र सगळं फिरतं. ‘दे मला ते’ म्हणजे ‘दॉन-ल-म्वा’, इथे वस्तू आधी. पण ‘देऊ नकोस’ म्हटलं की पुन्हा जुनाच क्रम: ‘न म ल दॉन पा’. हे अजूनही अडखळत येतं.

तक्त्यात एक गोष्ट दिसत नाही, ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेतली सर्वनामं एकत्र येत नाहीत. मैत्रिणीची माझ्या शिक्षिकेशी ओळख करून द्यायची होती, तर ‘ज त लुई प्रेज़ाँत’ असं वाक्य जुळवलं. फ्रेंचमध्ये असं म्हणताच येत नाही. ‘लुई’ काढून शेवटी ‘आ एल’ लावायचं: ‘ज त प्रेज़ाँत आ एल’.

आणखी एक. घाईच्या बोलण्यात इथले लोक ‘लुई’च्या आधीचं ‘ल’ किंवा ‘ला’ बऱ्याचदा गाळतात, नुसतं ‘ज लुई दॉन’ म्हणतात. ऐकताना वस्तू कुठे गेली म्हणून मी गोंधळायचे. आता ऐकताना गाळलेलं ओळखते, लिहिताना मात्र दोन्ही घालते.