टेस्टरचा वेळ कुठे घालायचा: स्प्रिंटच्या शेवटी की स्टोरीच्या आधी?

पाच-सहा डेव्हलपर आणि एक टेस्टर अशी टीम असली की निर्णय एकाच गोष्टीचा उरतो. टेस्टरचे तास कोड लिहून झाल्यावर, बोर्डवरच्या ‘रेडी फॉर टेस्टिंग’ रकान्यात खर्च करायचे, की कोडची पहिली ओळ पडण्याआधी? स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत टेस्टर अशी वेगळी भूमिकाच नाही. इन्क्रिमेंट बनवणारे सगळे डेव्हलपर्स. त्यामुळे हे उत्तर पुस्तकातून मिळत नाही, टीमला ठरवावं लागतं. मी दोन्ही पद्धतींत काम केलं आहे. त्यांतला फरक मला एकाच स्टोरीत सगळ्यात स्पष्ट दिसला, म्हणून तीच सविस्तर सांगते.

आम्ही गृहनिर्माण सोसायट्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवत होतो. स्टोरी होती: ‘सेक्रेटरी म्हणून मला मेंटेनन्सच्या थकबाकीवर व्याज आपोआप लागलेलं हवं.’ खाली तीन निकष होते. व्याजाचा दर सेटिंगमधून घ्यावा, व्याज बरोबर लागावं, बिलावर त्याची वेगळी ओळ दिसावी. त्या वेळच्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याजाची मर्यादा होती. आमची पहिली ग्राहक सोसायटी तोच दर लावत होती, तोही महिन्याच्या हिशोबाने.

शेवटी टेस्टिंग

दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये ही स्टोरी आठव्या दिवशी माझ्याकडे आली, आणखी तीन स्टोऱ्यांबरोबर. मी ३,००० रुपयांचं बिल तयार केलं, एक महिना थकवलं, पुढचं बिल काढलं. व्याज ५२.५० रुपये. कॅल्क्युलेटरवरही तेवढंच आलं. दर सेटिंगमधून येत होता, ओळ वेगळी दिसत होती. पास.

कोडमध्ये चूक अशी होती की पहिल्या महिन्याचं व्याज पुढच्या महिन्याच्या थकबाकीत मिसळत होतं आणि त्यावरही व्याज लागत होतं. दुसऱ्या महिन्यात ५२.५० ऐवजी ५३.४२. फरक ९२ पैशांचा, कोणाच्या नजरेत भरावा असा नाही. पण त्याच ३,००० रुपयांवर वर्षाचं सरळ व्याज ६३० रुपये होतं आणि आमचं सॉफ्टवेअर ६९४.३२ लावत होतं. सोसायटीच्या ऑडिटरने ते पकडलं. तोवर अकरा बिलं निघून गेली होती.

‘टेस्टरने नीट बघितलं नाही’ असं तेव्हा म्हटलं गेलं. मला ते आजही पटत नाही. डेव्हलपरच्या लेखी ‘बरोबर’ म्हणजे उरलेल्या रकमेवर टक्का, आणि माझ्या लेखी ‘बरोबर’ म्हणजे कॅल्क्युलेटरशी जुळणं. ‘सरळ व्याज’ हे दोन शब्द प्रॉडक्ट ओनरच्या डोक्यात होते, निकषात नव्हते. शेवटी बसलेल्या टेस्टरच्या हातात एकच प्रश्न उरतो: जे लिहिलंय ते होतंय का? काय लिहायला हवं होतं, हे विचारायची वेळ निघून गेलेली असते. विचारलंच, तर लिहिलेला कोड फेकावा लागतो. नवव्या दिवशी तो कोणालाच फेकायचा नसतो.

आधी तिघांचं बोलणं

स्टोरी हातात घेण्याआधी प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर यांनी एकत्र बसायच्या पद्धतीला जॉर्ज डिनविडी यांनी ‘थ्री अमिगोज’ हे नाव दिलं. त्यात काय करायचं असतं हे ऐकून कळत नाही. आम्ही पुढच्या खेपेला व्याज दिवसाच्या हिशोबावर आणायला बसलो, तेव्हाचं बोलणं असं होतं:

“एप्रिलचं बिल तीन हजार, देय तारीख पंधरा,” मी म्हटलं. “मेंबरने पंचवीसला भरलं. व्याज किती?”

“सतरा रुपये सव्वीस पैसे,” डेव्हलपर म्हणाला. “दहा दिवस, भागिले तीनशे पासष्ट.”

“आणि पंधरालाच भरलं तर?”

“शून्य.” मग तो थांबला. “म्हणजे मोजायला सोळापासून सुरुवात करायची. मी पंधरापासून करणार होतो.”

“वीसला हजार भरले आणि उरलेले दोन हजार तीसला?”

यावर तिघेही गप्प झालो. ते हजार रुपये आधी पाच दिवसांच्या व्याजात जमा धरायचे की मुद्दलात? मुद्दलात धरले तर एकूण व्याज २०.१४ रुपये होतं, आधी व्याजात धरले तर २०.१९. फरक पाच पैशांचा, पण पन्नास हजारांच्या थकबाकीत आणि वर्षभरात तो वाढत जातो. प्रॉडक्ट ओनरला उत्तर माहीत नव्हतं आणि तिने ते तसं सांगितलं. आम्ही प्रश्न लाल कार्डावर लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने दोन सोसायट्यांच्या अकाउंटंटना विचारलं. बिलात आधीच लागलेलं व्याज पहिलं वळतं करतात, पण अजून बिलातच न आलेलं व्याज मध्येच वळतं करत नाहीत. म्हणजे इथे २०.१४.

हे लाल कार्ड मॅट विन यांच्या एक्झाम्पल मॅपिंगमधलं. स्टोरीला पिवळं, नियमाला निळं, उदाहरणाला हिरवं आणि अनुत्तरित प्रश्नाला लाल. पंचवीस मिनिटं झाली की थांबायचं. लाल कार्डं जास्त उरली तर ती स्टोरी अजून स्प्रिंटमध्ये घ्यायच्या अवस्थेत नाही. निळी फार झाली तर ती एक नाही, दोन-तीन स्टोऱ्या आहेत. कार्डांऐवजी वहीचं पान चालतं, पण प्रश्न वेगळा लिहिण्याची शिस्त सोडू नका. ती सोडली की प्रश्नाच्या जागी कोणाचा तरी अंदाज बसतो.

त्या दिवशी बैठकीतून बाहेर पडलेला निकष असा होता (मुद्दल ३,०००, दर २१ टक्के, देय तारीख १५ एप्रिल):

| भरणा | अपेक्षित व्याज (रुपये) |
|---|---|
| १५ एप्रिलला पूर्ण | ०.०० |
| २५ एप्रिलला पूर्ण | १७.२६ |
| २० ला १,०००, ३० ला २,००० | २०.१४ |
| ३६५ दिवस काहीच नाही, दर महिन्याला बिल निघतंय | ६३०.०० |

शेवटची ओळ जुन्या चुकीमुळे आली. व्याजावर व्याज लागलं तर ती लगेच फसते. निकष तपासता येण्याजोगा आहे का, हे मी एका गोष्टीवरून ठरवते: एकमेकांशी न बोलता दोघांनी तपासलं तर दोघांचा निकाल एकच यायला हवा. ‘व्याज बरोबर लागावं’ यात तो येत नाही, या तक्त्यात येतो. डेव्हलपरने त्याच चार ओळी युनिट टेस्टमध्ये घातल्या, त्यामुळे माझ्याकडे कोड आला तेव्हा हिशोब तपासण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

मग शेवटी काय उरतं?

बोलण्यात तिघांना सुचलं तेवढंच निघतं. जे कोणालाच सुचलं नाही, ते चालत्या सॉफ्टवेअरवर हात फिरवल्याशिवाय सापडत नाही. हिशोबाच्या तपासणीतून वाचलेल्या तासांत मी सहज वर्षाच्या मध्ये दर २१ वरून १८ केला आणि जुनं बिल पुन्हा छापून पाहिलं. जुन्या बिलावरचं व्याज नव्या दराने आलं. ही शक्यता आमच्या पंचवीस मिनिटांत कोणीच मांडली नव्हती. त्यामुळे शेवटचं टेस्टिंग बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त तिथे निकषांवर टिकमार्क करत बसू नका, शोध घ्या.

डेफिनिशन ऑफ डनमध्ये काय लिहायचं

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. वरचा तक्ता त्या एका स्टोरीचा. डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे काम पूर्ण झालं म्हणायच्या अटींची यादी, प्रत्येक स्टोरीला सारखीच लागू होते. व्याजाचा नियम तिच्यात घातला तर लॉगिनच्या स्टोरीला तो निरर्थक ठरतो, आणि लोक ती यादी वाचायचं सोडून देतात. तिच्यात तपासायची रीत लिहावी.

मी तीन प्रकारची वाक्यं वापरात पाहिली. ‘सर्व टेस्ट पास’ हे सगळ्यात कमजोर, कारण टेस्ट दोनच असल्या तरी ते खरं ठरतं. ‘टेस्टरची मंजुरी’ ऐकायला कडक वाटतं, पण त्याने तपासणीची जबाबदारी एका माणसावर जाते, आणि ती रजेवर असली की काम अडतं. डेव्हलपरही मग ‘ती बघेलच’ म्हणून सैल सोडतात. आमच्याकडे टिकलेलं वाक्य हे: ‘स्टोरीतलं प्रत्येक उदाहरण मेन ब्रांचमध्ये मर्ज झालेल्या बिल्डवर, स्टेजिंगला, कोड न लिहिलेल्या कोणीतरी चालवून दाखवलं आहे.’ हे दाखवणारी टेस्टरच असायला हवी असं नाही. आणि उदाहरणंच नसलेली स्टोरी या वाक्याने आपोआप अडते, कारण दाखवायला काही नसतं.

कोणी काय निवडावं

प्रॉडक्ट ओनर आठवड्यातून दोनदा अर्धा तासही देऊ शकत नसेल, तर थ्री अमिगोज सुरू करू नका. डेव्हलपर आणि टेस्टर दोघंच बसले की त्यांचे अंदाज निकष म्हणून लिहिले जातात, आणि लिहिलेल्या अंदाजावर नंतर कोणी शंका घेत नाही. तिथे आधी प्रॉडक्ट ओनरचा वेळ मिळवा. करारानेच स्वतंत्र तपासणीचा अहवाल मागितलेला असेल, तर शेवटचा टप्पा ठेवावाच लागेल, बोलणं त्याच्या जोडीला येईल. जुना कोड इतका नाजूक असेल की प्रत्येक रिलीजआधी तीन दिवस हाताने रिग्रेशन करावं लागतं, तर टेस्टर सुरुवातीला मोकळी होणारच नाही. ऑटोमेशनने ते तीन दिवस आधी कमी करा.

बटणाचा मजकूर बदलणं, आयकॉन हलवणं यासाठी तिघांना बसवू नका. पैसे, तारखा, परवानग्या किंवा ‘आणि नसेल तर?’ असा प्रश्न जिथे उभा राहतो, तिथे बसवा. आमच्या बॅकलॉगमध्ये साधारण तीनातली एक स्टोरी अशी निघायची.

एक घसरण मात्र लवकर ओळखा. काही बैठकांनंतर बोलतात दोघंच आणि टेस्टर लिहून घेते. ती कारकून झाली आहे हे त्या पानावरूनच कळतं: लाल कार्ड एकही नसतं आणि सगळी उदाहरणं सरळ मार्गाची असतात. अशा वेळी लिहायचं काम डेव्हलपरकडे द्या. आम्ही दिलं, तेव्हा त्याला लिहिताना समजेना म्हणून तोच प्रश्न विचारू लागला.

बदल लागू पडतोय का, हे दोन आकड्यांवरून बघा. स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत ‘रेडी फॉर टेस्टिंग’मध्ये किती स्टोऱ्या साचतात ते रोज एकदा मोजा. आणि प्रत्येक रीओपन झालेल्या बगपुढे एक शब्द लिहा: ‘कोड’ किंवा ‘समज’. तीन स्प्रिंटनंतर ‘समज’वाले कमी झाले नसतील, तर बैठक होतेय पण उदाहरणांत आकडे येत नाहीयेत.